एका फोनला चालणारे सी-टाइप इयरफोन दुसऱ्याला का चालत नाहीत: विकत घेण्याआधी आणि फेकून देण्याआधी काय तपासायचं

मिरजेहून एक मुलगी दुकानात आली होती. गाणं शिकते. नवीन फोन घेतलेला, त्याला गोल जॅक नाही, फक्त सी-टाइप पोर्ट. हातात दोन इयरफोन, दोन्ही सी-टाइप पिनचे. एक बाबांचा जुना, दुसरा चार दिवसांपूर्वी घेतलेला.

"दादा, दोन्ही बिघडलेत का बघा की. बाबांच्या फोनला वाजतात, माझ्या फोनला लावले की काहीच नाही. फोनचाच स्पीकर वाजत राहतो."

ब्लूटूथ तिला नको होता आणि तिचं कारण बरोबर होतं. ती ॲपवर तबल्याचा ठेका लावते, तो कानात ऐकत गाते आणि रेकॉर्ड करून गुरुजींना पाठवते. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत थोडा उशिरा पोहोचतो, मग रेकॉर्डिंगमध्ये तिची सम ठेक्याच्या समेवर पडत नाही. वायरचेच इयरफोन हवे होते.

दोन्ही इयरफोन चांगले होते. फोनही चांगला होता. सांगलीत माझ्या काउंटरवर ही तक्रार इतक्यांदा येते की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं वाटलं. यात लोकांचे पैसे दोनदा जातात: आधी चालणारा इयरफोन टाकून देतात, मग त्याच जातीचा दुसरा घेतात. या मुलीचं नेमकं तेच झालं होतं.

आधी एवढं समजून घ्या: पिन एक, पण आवाज जायचे रस्ते दोन

सी-टाइप म्हणजे फक्त पिनचा आकार. त्या आकारातून आवाज दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी बाहेर येऊ शकतो.

पहिली पद्धत ॲनालॉग. यात फोनच्या आतच आवाज तयार होतो. गाण्याच्या फाइलमधल्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर फोनमधली चिप करते आणि ती लहर पोर्टमधून थेट वायरीत जाते. कानातला छोटा पडदा त्या लहरीबरोबर हलतो. जुन्या गोल जॅकचा इयरफोन असाच चालायचा. ॲनालॉग सी-टाइप इयरफोनमध्ये डोकं काहीच नसतं. वायर, दोन छोटे स्पीकर, माइक, बटण, बस.

दुसरी पद्धत डिजिटल. यात फोन आवाज बनवतच नाही, फक्त आकडे पाठवतो. आकड्यांची लहर करणारी चिप इयरफोनच्या पिनमध्ये किंवा वायरीवरच्या बटणाच्या डबीत बसवलेली असते. या चिपला डॅक म्हणतात, खोक्यावर DAC अशी तीन अक्षरं छापलेली दिसतील. फोनच्या दृष्टीने हा इयरफोन म्हणजे पेनड्राइव्ह किंवा माउससारखं एक यूएसबी यंत्र असतं.

त्या मुलीला मी तिच्याच भाषेत सांगितलं. ॲनालॉग म्हणजे तंबोऱ्याची छेडलेली तार: कंप तुझ्यापर्यंत थेट येतो. डिजिटल म्हणजे कागदावर लिहिलेलं नोटेशन: ते वाचून वाजवणारा कोणीतरी पलीकडे बसलेला हवा. तुझा नवीन फोन फक्त नोटेशन पाठवतो आणि बाबांच्या इयरफोनमध्ये ते वाचणारा कोणी नाही. म्हणून शांतता.

बाबांचा फोन दोन्ही पद्धती जाणतो. म्हणून घरात असा समज झाला की इयरफोन ठीक आहेत आणि नवा फोनच खराब निघाला.

फोनला कसं कळतं, काय लावलंय?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. हा कळला की बाकीच्या तपासण्या आपोआप समजतात.

फोनच्या सी-टाइप पोर्टमध्ये डोकावून पाहिलं तर मधोमध एक पातळ जीभ दिसते. तिच्यावर वर १२ आणि खाली १२ अशा २४ बारीक सोनेरी पट्ट्या असतात. त्यातल्या दोन पट्ट्यांना सीसी म्हणतात, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. या दोघींवरून गाणं जात नाही आणि चार्जिंगचा मोठा करंटही जात नाही. "पलीकडे कोण आलंय?" एवढं विचारणं हे त्यांचं मुख्य काम.

फोन या दोन्ही पट्ट्यांवर अगदी थोडा करंट सोडतो आणि व्होल्टेज किती उरतं ते पाहतो. लावलेल्या पिनमध्ये कोणता रेझिस्टर बसवलाय यावर ते ठरतं.

एकाच सीसी पट्टीवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर सापडला तर फोन समजतो की आपल्याकडून वीज घेणारं यूएसबी यंत्र आलंय. मग तो यजमान होतो, पोर्टवर ५ व्होल्ट सोडतो आणि डेटाच्या दोन पट्ट्यांवरून विचारपूस सुरू करतो: तू कोण, काय करतोस? डिजिटल इयरफोन उत्तर देतो की मी ऑडिओचं यंत्र आहे, मला अमुक दराने आकडे चालतात. हे बोलणं यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या नियमांनुसार होतं, म्हणून कुठलंही ॲप टाकावं लागत नाही. अँड्रॉइडमध्ये ही सोय ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे.

दोन्ही सीसी पट्ट्यांवर १.२ किलोओहमपेक्षा कमी रेझिस्टर सापडला तर त्याचा अर्थ वेगळा. ही ॲनालॉग ऑडिओची खूण. ज्या फोनमध्ये सोय आहे तो फोन आतला एक छोटा स्विच फिरवतो. डेटाच्या ज्या दोन पट्ट्यांवरून एरवी फाइली जातात त्यांवर आता डाव्या आणि उजव्या कानाचा आवाज सोडला जातो. माइक आणि त्याची ग्राउंड वायर एसबीयू नावाच्या आणखी दोन पट्ट्यांवर जातात. म्हणजे पट्ट्या त्याच, वाहतूक वेगळी.

आता हा स्विच फोनमध्ये नसेल तर? खूण ओळखली गेली तरी फोन काही करू शकत नाही. डेटाच्या पट्ट्यांमागे आवाजाची वायरच जोडलेली नाही. ही उणीव हार्डवेअरची आहे. सॉफ्टवेअर अपडेटने, फॅक्टरी रीसेटने किंवा एखादं ॲप टाकून ती भरून निघत नाही. "साउंड फिक्स" नावाची ॲपं टाकून बघणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण रीसेटच्या नादात घरातले फोटो गेलेले लोक मी पाहिलेत.

डिजिटल रस्त्यावरून किती माल जातो तेही पाहू. साधारण दर धरा: सेकंदाला ४८,००० नमुने, कान दोन, आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट. गुणाकार केला तर सेकंदाला १,९२,००० बाइट. यूएसबीवर हे दर मिलिसेकंदाला एक पुडकं असं जातं, म्हणजे प्रत्येक पुडक्यात १९२ बाइट. यूएसबीसाठी हे ओझं अगदी किरकोळ आहे. वेगामुळे इयरफोन चालत नाही असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी पहिली: इयरफोन कोणत्या जातीचा आहे ते शोधा

पिन बघून कळत नाही. महाग-स्वस्त यावरूनही कळत नाही. बटणाची डबी जाड असेल तर आत चिप असेल असा अंदाज लोक करतात, पण चिप पिनच्या आतही मावते, त्यामुळे त्या अंदाजावर जाऊ नका.

घरी करता येईल अशी खात्रीची तपासणी म्हणजे लॅपटॉप. इयरफोन लॅपटॉपच्या सी पोर्टला लावा. सी पोर्ट नसेल, किंवा तो फक्त चार्जिंगपुरता असेल, तर पिन जुन्या चौकोनी यूएसबीची आणि तोंड सी-टाइपचं असा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो वापरा. विंडोजमध्ये Device Manager उघडून Sound, video and game controllers या यादीकडे बघत इयरफोन लावा. डिजिटल असेल तर दोन-चार सेकंदांत यादीत नवीन नाव येतं. काढला की ते नाव जातं. ॲनालॉग असेल तर यादी हलतसुद्धा नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आणखी सोपं:

```
lsusb -t
```

डिजिटल इयरफोन असेल तर एखाद्या ओळीत `Class=Audio` आणि `Driver=snd-usb-audio` दिसेल. त्याच ओळीच्या शेवटी बहुधा `12M` असतं, तो यूएसबीचा सेकंदाला १२ मेगाबिटचा जुना वेग. आवाजाला तेवढा भरपूर होतो हे वरच्या गुणाकारावरून कळलंच असेल.

एक सावधगिरी. नाव आलं म्हणजे इयरफोन डिजिटल, ही खात्री. पण नाव आलं नाही म्हणजे ॲनालॉगच, असं लगेच ठरवू नका. चिप जळालेला डिजिटल इयरफोनही असाच गप्प बसतो. तो ॲनालॉग आहे हे पक्कं करायचं तर ॲनालॉग चालणाऱ्या एखाद्या फोनला लावून वाजतो का ते बघा. या मुलीच्या बाबतीत ते आधीच झालं होतं: लॅपटॉपवर दोन्ही गप्प, बाबांच्या फोनवर दोन्ही वाजतात. म्हणजे दोन्ही ॲनालॉग, आणि दोन्ही धडधाकट.

दुकानात मी याहून थेट बघतो. सी-टाइपच्या सगळ्या पट्ट्या मोकळ्या करून देणारा एक छोटा टेस्ट बोर्ड मिळतो. त्यात इयरफोनची पिन घातली आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवला. एक टोक ग्राउंडला, दुसरं पहिल्या सीसीला: तिच्या नव्या इयरफोनवर आकडा १ किलोओहमच्या जरासा खाली. दुसऱ्या सीसीला लावलं: तोच आकडा. मुलगी वाकून मीटर बघत होती. मग माझ्याकडचा एक डिजिटल इयरफोन त्याच बोर्डात घातला. एका बाजूला ५.१ किलोओहम, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, मीटर मोकळा. "म्हणजे फोन हेच बघतो?" तिने विचारलं. हो, फोन एवढंच बघतो.

पायरी दुसरी: फोन कोणत्या जातीचा आहे ते शोधा

फोनच्या खोक्यावर हे क्वचितच लिहिलेलं असतं. काही गोष्टी मात्र ठाम सांगता येतात. आयफोन १५ पासून ॲपलने सी-टाइप आणलं आणि तिथे आवाज डिजिटलच जातो. गुगलचे पिक्सेल आणि सॅमसंगचे गॅलक्सी नोट १०, एस२० व त्यापुढचे मोठे फोन, यांनाही डिजिटलच लागतं. उलट शाओमीचा एमआय ६, हुआवेचा पी२०, वनप्लसचा ६टी यांसारख्या फोनमध्ये पोर्टमधून ॲनालॉग आवाज काढण्याची सोय दिलेली होती. कंपनी एक असली तरी मॉडेलनुसार हे बदलतं, म्हणून "अमुक कंपनीचा आहे ना, मग चालेल" हा हिशोब धोक्याचा.

तुमच्या फोनसोबत खोक्यातच सी-टाइप इयरफोन किंवा कन्व्हर्टर आला असेल तर तोच सगळ्यात मोठा पुरावा. तो पहिल्या पायरीप्रमाणे लॅपटॉपला लावा. तो ॲनालॉग निघाला तर फोन ॲनालॉग चालवतो हे सिद्ध झालं.

तसं काही नसेल तर ज्याची जात माहीत आहे असा ॲनालॉग इयरफोन लावून बघा. तीनपैकी एक गोष्ट होते. वर हेडफोनचं चित्र येऊन आवाज कानात आला, तर फोनमध्ये तो स्विच आहे. काही अँड्रॉइड फोन स्पष्ट सूचना देतात:

```
Analog audio accessory detected
The attached device is not compatible with this phone.
```

ही सूचना आली तर आणखी तपासायची गरजच नाही. फोनने खूण ओळखली आणि मला हे जमत नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. तिसरी शक्यता म्हणजे काहीच न होणं. ना चित्र, ना सूचना, आणि स्पीकर वाजतोय. या मुलीच्या फोनवर हेच होत होतं, आणि बहुतेकांना इथेच वाटतं की वायर तुटली.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. फोनला गोल जॅक आहे म्हणजे सी पोर्टमधूनही ॲनालॉग आवाज येईल असं नसतं. गोल जॅकची वायर गोल जॅकलाच जाते. सी पोर्टपर्यंत ती न्यायची तर वेगळा स्विच लागतो, आणि जॅक आधीच असताना बरेच जण तो खर्च करत नाहीत.

पायरी तिसरी: आता जोडी जुळवा

ॲनालॉग इयरफोन ॲनालॉग येणाऱ्या फोनला चालतो. डिजिटल इयरफोन जवळपास सगळ्या फोनला चालतो, फोनने यजमान व्हायचं कबूल केलं तर. ॲनालॉग इयरफोन फक्त डिजिटल येणाऱ्या फोनला चालत नाही, कधीच नाही. गुंता आहे तो एवढाच.

म्हणून नवीन घेताना आणि कुठल्या फोनला लागेल याची खात्री नसताना डिजिटलच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडा महाग पडतो, पण घरातल्या कुठल्याही फोनला आणि लॅपटॉपलाही उपयोगी येतो. ज्यांचे गोल जॅकचे चांगले इयरफोन किंवा हेडफोन पडून आहेत त्यांनी ते टाकून देऊ नयेत. सी-टाइप ते गोल जॅक असा कन्व्हर्टर मिळतो, तो घ्यावा. फक्त या कन्व्हर्टरमध्येही त्याच दोन जाती आहेत आणि दिसायला त्या हुबेहूब सारख्या. एकात नुसत्या वायरी जोडलेल्या असतात, दुसऱ्यात डॅक असतो. किमतीत फरक असतो, पण किमतीवरून जात ओळखू नका. खोक्यावर DAC लिहिलंय का, किंवा 16bit/48kHz, 24bit/96kHz असे आकडे आहेत का ते बघा. हे आकडे डॅकचे असतात. नुसत्या वायरीला असा आकडा असूच शकत नाही.

आणि विकत घेताना तिथल्या तिथे आपल्या फोनला लावून बघा, कोणी नाही म्हणणार नाही. आमच्याकडे इस्लामपूर, तासगाव, जतहून लोक येतात. पन्नास-साठ रुपयांच्या वस्तूसाठी एसटीने दुसऱ्यांदा यावं लागलं तर वस्तूपेक्षा तिकीट महाग पडतं. त्यामुळे फोन सोबत आणा, आणि ज्याच्यासाठी घ्यायचंय त्याचाच फोन आणा. बाबांच्या फोनवर तपासून मुलीसाठी नेलं की काय होतं ते आपण पाहिलंच.

आवाजाच्या दर्जाबद्दल एक गोष्ट ध्यानात राहू द्या. डिजिटल पद्धतीत फोन कितीही भारी असला तरी कानात येणारा आवाज त्या छोट्या डॅकचा असतो. गाणं शिकणाऱ्याने इथे अगदी तळातली वस्तू घेऊ नये. कमी आवाजात मागे बारीक सळसळ ऐकू येत असेल तर तंबोऱ्याच्या सुराशी स्वर मिळवताना ती त्रास देते. दुकानात तपासताना गाणं लावू नका, तंबोरा लावा आणि आवाज हळू ठेवा. मोठ्या आवाजाच्या गाण्यात सळसळ दडून जाते.

त्या मुलीने डॅकचा कन्व्हर्टर घेतला आणि घरात पडलेला गोल जॅकचा इयरफोन त्याला लावला. फोनला जोडला, वर हेडफोनचं चित्र आलं, तबला कानात वाजू लागला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू बघून मलाही बरं वाटलं.

जात जुळली तरी वाजत नसेल तर

चार दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, माझ्या फोनला मस्त चालतंय. पण बाबांच्या फोनला हा नवीन लावला तर चालत नाही. म्हणजे आता उलटंच झालं."

बाबांचा फोन दोन्ही पद्धती जाणतो असं मी वर म्हटलं. मग हे काय झालं? काय झालं ते सांगतो, कारण आपल्याकडे खूप वापरात असलेल्या काही फोनचा हा स्वभाव आहे. डिजिटल इयरफोन चालायचा तर फोनने यजमान होऊन ५ व्होल्ट द्यावे लागतात. या सोयीला फोनमध्ये ओटीजी म्हणतात. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांच्या अनेक मॉडेलमध्ये आणि इतरही काही फोनमध्ये ओटीजी मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, बॅटरी वाचावी म्हणून. ते बंद असताना डिजिटल इयरफोनला वीजच मिळत नाही. ॲनालॉग इयरफोनला ५ व्होल्टची गरज नसते, म्हणून बाबांचे जुने इयरफोन इतके दिवस बिनतक्रार वाजत होते.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत OTG टाका, OTG connection दिसेल, ते चालू करा. तिने फोनवरच केलं आणि लगेच वाजलं.

पण त्याच ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की १० मिनिटं न वापरल्यास हे आपोआप बंद होईल. हे वाचायला मी तिला सांगितलं नसतं तर आठवड्यात पुन्हा फोन आला असता. रियाज झाला, इयरफोन काढून ठेवला, चहा-नाश्ता झाला, परत लावला तर शांतता. इयरफोन "कधी चालतो, कधी चालत नाही" अशी तक्रार असेल आणि फोन या जातीचा असेल तर वायर हलवून बघण्याआधी ओटीजी बघा. सेटिंग्जमध्ये सारखं जायला नको असेल तर वरून खाली ओढायच्या पडद्यात त्याचं बटण ठेवता येतं का ते बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये ठेवता येतं.

दुसरी अडचण कमी दिसते, पण दिसते. लॅपटॉपवर इयरफोन डिजिटल निघतो, ओटीजी चालू आहे, तरी आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येतो. अशा वेळी फोनमध्ये Developer options कोणी उघडून ठेवलंय का विचारा. तिथे Disable USB audio routing नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर डिजिटल इयरफोन ओळखला जातो, पण आवाज तिकडे आपोआप वळत नाही. ते बंद करायचं.

तिसरी अडचण धुळीची, आणि सांगलीत ती खास. मार्केट यार्डात हळदीचं काम करणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा पोर्टमध्ये टॉर्च मारली की आतली जीभ पिवळी दिसते. हळदीची पूड आणि खिशातला धागा मिळून तळाशी घट्ट थर बसतो. पिन पूर्ण आत जात नाही, अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. चार्जिंग तरीही होतं, म्हणून पोर्ट चांगला आहे असं वाटतं. पण आवाजासाठी सीसी आणि डेटाच्या पट्ट्या नीट टेकाव्या लागतात.

हे ओळखायची खूण सांगतो. पिन काढा, उलटी करून लावा. एका बाजूने वाजतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर जातीचा प्रश्न नाही, पट्टी टेकण्याचा प्रश्न आहे. जात चुकीची असेल तर दोन्ही बाजूंनी सारखीच शांतता असते. पिन जरा वाकवून धरली की आवाज येतो आणि सोडली की जातो, तर तेही तेच. एकच इयरफोन असं करत असेल तर त्याची पिन झिजलीय. सगळे करत असतील तर पोर्ट.

साफ करताना फोन बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक चाकूने आणखी बारीक करा आणि जिभेच्या बाजूच्या फटीतून तळाचा थर हळूहळू उकरून बाहेर ओढा. टाचणी, सुई, स्टेपलरची पिन काही घालू नका. पट्ट्या इतक्या जवळ असतात की लोखंडाचं टोक एकाच वेळी दोघींना टेकतं, आणि ओरखडा पडला की सोनेरी मुलामा जाऊन पट्टी गंजायला लागते. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेची ओल आत जाते आणि हळद तिथेच चिकटते. थर निघाला की पिन आत जाताना टक्‌ असा बारीक आवाज येतो, बोटाला कळतो. तो येत नसेल तर अजून काहीतरी आत आहे.

पुढच्या रविवारी बाप-लेक दोघं दुकानात आले, दुसऱ्या कामासाठी. बाबांनी तिन्ही वस्तू पिशवीतून काढल्या: दोन जुने इयरफोन आणि नवीन कन्व्हर्टर. म्हणाले, "यावर काहीतरी खूण करून द्या, घरात सगळ्यांचा गोंधळ होतोय." पांढरी चिकटपट्टी घेतली, वायरीवर पिनजवळ गुंडाळली आणि मार्करने लिहिलं. दोन्ही इयरफोनवर "अ", कन्व्हर्टरवर "डि". "अ" फक्त बाबांच्या फोनला. "डि" दोघांच्याही, बाबांच्या फोनला लावताना आधी ओटीजी.